जलरंग, ॲक्रिलिक की तैलरंग? खान्देशातल्या नवशिक्या चित्रकारासाठी रंग आणि पृष्ठभागाची निवड

जलरंग, ॲक्रिलिक आणि तैलरंग या तिन्ही माध्यमांत रंगद्रव्य बहुतांशी एकच असते. अल्ट्रामरीन निळ्याची जी पूड जलरंगाच्या नळीत असते तीच तैलरंगाच्या नळीतही असते. फरक पडतो तो ती पूड कशात खललेली आहे यामुळे. जलरंगात ती बाभळीच्या कुळातल्या झाडाच्या डिंकात, ॲक्रिलिकमध्ये पाण्यात विखुरलेल्या कृत्रिम राळेत, तर तैलरंगात जवसाच्या तेलात खललेली असते. ही तीन बंधक द्रव्ये तीन वेगवेगळ्या रीतींनी वाळतात. रंग मिसळायला किती वेळ मिळेल, चुकलेला भाग पुसता येईल की नाही, कागद चालेल की कॅनव्हास लागेल, या नवशिक्याच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्या वाळण्यात सापडतात.

खान्देशात हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा ठरतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि हवेत ओलावा जवळजवळ नसतो, त्यामुळे परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत सांगितलेल्या वाळण्याच्या वेळा इथे जुळत नाहीत. तिथे ज्या कामाला दहा मिनिटे मिळतात, त्या कामाला इथे चैत्र-वैशाखात दोन-तीन मिनिटेच मिळतात. म्हणून या लेखात आधी वाळण्याची रीत, मग पृष्ठभाग आणि त्यानंतर भरिताच्या एकाच वांग्याचे तिन्ही माध्यमांतले चित्र, असा क्रम ठेवला आहे.

रंग वाळतो तेव्हा नेमके काय होते

जलरंगातले पाणी उडून जाते आणि मागे डिंकासह रंगद्रव्य उरते. डिंक पुन्हा पाण्यात विरघळतो, म्हणून वाळलेल्या जलरंगावर ओला कुंचला फिरवला की खालचा थर हलतो. याचा फायदा असा की ताटलीत वाळून गेलेला रंग फुकट जात नाही, थोडे पाणी घातले की तो पुन्हा वापरता येतो. तोटा असा की वरचा थर देताना खालचा सहज गढूळ होतो. जलरंग ओला असताना दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर स्पष्टपणे फिका होतो, हेही ध्यानात ठेवावे.

ॲक्रिलिकमध्येही पाणीच उडते, परंतु ते उडताना राळेचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून त्यांचा एकसंध पापुद्रा तयार होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे थरावर थर निर्धास्तपणे देता येतात. मात्र कुंचल्यात किंवा ताटलीत वाळलेला रंग कायमचा गेला असे समजावे. ओली राळ दुधाळ असते आणि वाळल्यावर पारदर्शक होते, म्हणून ॲक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद दिसतो. या माध्यमाला थंडीही मानवत नाही. साधारण 10 अंशांखाली राळेचे कण नीट जुळत नाहीत आणि थर भुसभुशीत राहू शकतो. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे पारा याहून बराच खाली उतरतो, तेव्हा त्या दिवसांत ॲक्रिलिकचे काम ऊन वर आल्यावरच सुरू करावे.

तैलरंगाचे प्रकरण निराळे आहे, कारण त्यात उडून जाण्यासारखे काही नसतेच. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. ही रासायनिक क्रिया असल्यामुळे हाताला न लागण्याइतका थर वाळायला काही दिवस जातात, आणि आतपर्यंत पक्का व्हायला काही महिने लागतात. उन्हाळ्यात ही क्रिया थोडी वेगाने होते, तरीही चित्र काढत असताना रंग ओलाच राहतो. म्हणजे जे ऊन जलरंग आणि ॲक्रिलिकवाल्याला घाई करायला लावते ते तैलरंगाच्या कामात आड येत नाही.

पहिली पायरी: पृष्ठभाग निवडणे आणि तयार करणे

नवशिक्याने पैसे कुठे खर्च करावेत असे विचारले, तर माझे उत्तर रंगांच्या आधी पृष्ठभाग असे आहे. जळगावहून दीड-दोन तासांवर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत याचा भक्कम दाखला मिळतो. तिथल्या कारागिरांनी खडबडीत कातळावर माती, भाताचा भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ पांढरा थर दिला आणि तो वाळल्यावर रंगकाम केले. आज जिथे गिलावा कातळाला धरून आहे तिथे चित्र आहे, आणि जिथे गिलावा निखळला तिथे कितीही टिकाऊ खनिज रंग वापरलेला असला तरी चित्र नाही.

जलरंगाला कागद लागतो, आणि तो 300 जीएसएमचा असावा. याहून पातळ कागद ओला झाला की त्याला लाटा येतात आणि रंग त्या लाटांच्या खोलगट भागांत साचतो. परंतु जाडीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे कागदाला दिलेली खळ. चांगल्या जलरंग-कागदाला जिलेटिनसारख्या द्रव्याची खळ असते, त्यामुळे पाणी लगेच शोषले न जाता काही वेळ पृष्ठभागावर राहते आणि तेवढ्या वेळातच रंग सरकवता येतो. खळ आहे की नाही हे पाहायला कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब मिनिटभर फुगीर राहिला तर कागद कामाचा आहे. टीपकागदासारखा तो लगेच पसरून ओला डाग पडला तर त्या कागदावर एकसारखा रंग पसरणार नाही. जुना, दमट जागी राहिलेला कागदही असाच निकामी होतो, म्हणून पावसाळ्यात उरलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवावा. सुती लगद्याचा कागद महाग पडतो. सरावासाठी लाकडी लगद्याचा चालेल, मात्र त्यावर पुनःपुन्हा घासले की पृष्ठभागाचे रोवे निघून गोळे होतात, आणि तसे दिसू लागले की तो भाग तिथेच सोडून द्यावा.

ॲक्रिलिक त्या मानाने सोशीक आहे. जाड कागद, पुठ्ठा, लाकूड, कापड, या सगळ्यांवर तो बसतो, फक्त पृष्ठभाग तेलकट किंवा मेणकट नसावा. तरी नवशिक्याने ॲक्रिलिकची सुरुवात 3 मिलिमीटर जाडीच्या एमडीएफच्या तुकड्यावर करावी असे मी सुचवीन, कारण फर्निचरच्या कारखान्यात असे तुकडे स्वस्तात मिळतात आणि कडक पृष्ठभागावर कुंचल्याचा दाब हाताला लवकर कळतो. तुकड्याच्या कडा पॉलिश पेपरने घासाव्यात, धूळ पुसावी आणि त्यावर जेसो लावावा. जेसो म्हणजे खडूसारखी पांढरी पूड मिसळलेले ॲक्रिलिकचे अस्तर. त्याने पृष्ठभागाला बारीक खरखरीतपणा येतो आणि रंग धरून राहतो. पहिला हात आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा द्यावा, आणि दोन्हींच्या मध्ये 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासावे. मागच्या बाजूलाही एक हात दिला नाही तर पातळ तुकडा एका बाजूला वाकतो.

तैलरंगाला अस्तर नसलेले कापड किंवा कागद कधीही चालत नाही. ज्या प्राणवायूच्या क्रियेने तेल घट्ट होते तीच क्रिया तंतूंपर्यंत पोहोचली की कापड काही वर्षांत पिवळे पडून ठिसूळ होते. तयार कॅनव्हास विकत घेतला तर त्यावर अस्तर असते. पण स्वस्त कॅनव्हासवर ते इतके पातळ असते की तेल सरळ मागे झिरपते. चित्र सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी कॅनव्हास उलटा करून पाहावा. मागे तेलाचे पिवळट डाग दिसले तर अस्तर अपुरे आहे. म्हणून तयार कॅनव्हासलाही घरी जेसोचा एक जादा हात द्यावा.

कॅनव्हास घरीच तयार करायचा असेल तर घट्ट विणीचे मांजरपाट कापड लहान आकाराला पुरते. ते आधी धुऊन वाळवावे म्हणजे पुढे आटणार नाही. 8 बाय 10 इंचांच्या लाकडी चौकटीसाठी चारी बाजूंनी दोन-दोन इंच अधिक धरून ते कापावे. चौकटीच्या चारही बाजूंच्या मध्यावर आधी एकेक पिन मारावी, मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने ताणत कोपऱ्यांकडे सरकावे. एकच बाजू पूर्ण करून मग दुसरीकडे वळले की कापडाला तिरकी सुरकुती पडते आणि ती पुढे जात नाही. बोटाने टिचकी मारल्यावर कापड किंचित वाजले की ताण पुरेसा झाला. त्यावर जेसोचे तीन हात द्यावेत आणि शेवटच्या हातानंतर तैलरंग लावण्याआधी तीन दिवस थांबावे, कारण वरून कोरड्या दिसणाऱ्या अस्तरातही ओलावा उरलेला असतो.

दुसरी पायरी: मोजके रंग आणि साहित्य

कोणत्याही माध्यमात लेमन पिवळा, किरमिजी, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हे चार रंग घ्यावेत. ॲक्रिलिक आणि तैलरंगासाठी टायटॅनियम पांढऱ्याची मोठी नळी वेगळी घ्यावी. जलरंगात पांढऱ्याचे काम कागद करतो, म्हणून त्यावर खर्च करू नये. हिरव्याची तयार नळीही घेऊ नये. पिवळा आणि निळा मिसळून मिळणारा हिरवा किंचित मळकट असतो, आणि भाजी, झाडपाला, शेते यांचा खरा रंग त्याच्याच जवळ जातो.

गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात ‘ऑइल पेंट’ मागितला तर दारे-खिडक्यांना लावायचा चकचकीत रंग हाती येतो. तो चित्रासाठी नव्हे. चित्रकारांचे तैलरंग नळीतच मिळतात, आणि ते स्टेशनरीच्या मोठ्या दुकानातून किंवा ऑनलाइन मागवावे लागतात. शाळेतले पोस्टर कलर म्हणजेही जलरंग नव्हेत. ते अपारदर्शक असतात आणि खालचा कागद झाकून टाकतात.

कुंचल्यांत जलरंगासाठी टोकदार गोल, मऊ केसांचा एक मोठा आणि एक मध्यम. ॲक्रिलिकसाठी सिंथेटिक केसांचे चपटे. तैलरंगासाठी डुकराच्या केसांचे कडक चपटे घ्यावेत. एका माध्यमाचे कुंचले दुसऱ्यात वापरू नयेत, विशेषतः तेलात बुडालेला कुंचला जलरंगात अजिबात आणू नये. जलरंगासाठी बोअरचे क्षारयुक्त पाणी टाळावे, कारण गडद रंगावर त्यातल्या क्षारांची पांढुरकी झाक राहू शकते. घरात फिल्टर असेल तर त्याचे पाणी घ्यावे.

ॲक्रिलिकसाठी ओली ताटली आवश्यक आहे, आणि उन्हाळ्यात तिच्याशिवाय काम होणारच नाही. झाकणाच्या पसरट डब्यात सुती कापडाची चौपदरी घडी पाण्याने भिजवून, जादा पाणी निथळून ठेवावी आणि त्यावर स्वयंपाकात वापरतात तो बटर पेपर पसरावा. या कागदावर ठेवलेल्या रंगाला खालून ओलावा मिळत राहतो, आणि झाकण लावले तर उरलेला रंग दुसऱ्या दिवशीही वापरता येतो.

तिसरी पायरी: एकच वांगे, तीन माध्यमांत

नमुन्यासाठी भरिताचे हिरवे वांगे निवडण्यामागे कारण आहे. जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, पण आपल्या कामाची गोष्ट म्हणजे त्याची कांती. फिकट हिरवा रंग, त्यावर देठाकडून खाली उतरत गेलेल्या पांढुरक्या रेषा, खिडकीकडच्या बाजूला लख्ख चकाकी आणि उलट बाजूला हळुवार गडद होत जाणारी सावली, हे सर्व एकाच फळात मिळते, आणि या चारही गोष्टी प्रत्येक माध्यमात वेगळ्या क्रमाने हाताळाव्या लागतात. वांगे खिडकीपासून हातभर अंतरावर, साध्या रंगाच्या कापडावर ठेवावे. उजेड एकाच बाजूने यावा आणि खोलीतला दिवा बंद असावा.

जलरंगात काम उजेडाकडून अंधाराकडे जाते, म्हणून चकाकी कुठे आहे ते सर्वांत आधी ठरवावे लागते. कागद फळीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का करावा आणि फळीच्या वरच्या कडेखाली एक वही सरकवून तिला किंचित उतार द्यावा. पेन्सिलीने वांग्याची बाह्यरेषा, देठ आणि चकाकीची हद्द इतकेच हलक्या हाताने आखावे. खोडरबर जोरात घासला तर खळ निघते आणि पुढे तिथे रंग डागाळतो. आता पिवळ्यात थोडासा निळा घालून फिकट हिरवा आणि जास्त निळ्यासह चिमूटभर बर्न्ट सिएना घालून गडद हिरवा, असे दोन रंग कुंचला कागदाला लावण्यापूर्वीच पुरेसे कालवून ठेवावेत. अर्ध्यात रंग संपला आणि नवा कालवायला थांबले, की तेवढ्या वेळात वाळलेल्या कडेची रेघ कायमची उमटते.

चकाकीचा भाग कोरडा सोडून बाकीच्या सगळ्या वांग्यावर फिकट हिरवा पसरवावा. हा थर ओला असून चमकत असतानाच सावलीच्या बाजूला गडद हिरवा टेकवावा. तो आपोआप पसरत जातो आणि कुंचल्याने ओढूनही साधणार नाही अशी मऊ छटा तयार होते. इथे एकच नियम काटेकोरपणे पाळावा लागतो: थरावरची चमक गेली की हात मागे घ्यावा. त्या अर्धवट ओल्या अवस्थेत पाण्याचा नवा थेंब पडला तर तो आधीचा रंग बाजूला ढकलतो आणि दातेरी कडेचा डाग पडतो. पांढुरक्या रेषांसाठी कुंचला धुऊन, पिळून, जेमतेम ओलसर ठेवावा आणि थर ओलसर असतानाच देठाकडून खाली ओढावा. तो रंग टिपून घेतो आणि फिकट पट्टा उरतो. पुढचा थर देण्यापूर्वी हाताची मागची बाजू कागदाला लावून पाहावी. कागद गार लागला तर तो डोळ्याला कोरडा दिसत असूनही आतून ओला आहे. देठ, त्यावरचे काटे आणि खाली कापडावर पडलेली सावली सर्वांत शेवटी करावी. घरात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर असेल तर उन्हाळ्यात जलरंगाचे काम त्याच खोलीत करावे, कारण त्याच्या हवेत ओलावा असतो आणि थर थोडा अधिक वेळ ओला राहतो. मात्र वारा थेट कागदावर येईल असे बसू नये.

ॲक्रिलिकमध्ये हाच क्रम जवळजवळ उलटा होतो. जेसो लावलेल्या तुकड्यावर प्रथम बर्न्ट सिएना पाण्याने पातळ करून एक हात द्यावा, म्हणजे पांढरेशुभ्र अस्तर डोळ्यांना फसवत नाही. नंतर ओल्या ताटलीत गडद, मध्यम आणि फिकट असे तीन हिरवे रंग कालवावेत, आणि तेही गरजेपेक्षा जास्त. वाळल्यावर रंग किंचित गडद होत असल्यामुळे नंतर तोच रंग पुन्हा जुळवणे नवशिक्याला फार अवघड जाते. प्रत्येक रंगाचा एक ठिपका जेसो लावलेल्या कडेवर लावून, तो वाळल्यावर कसा दिसतो ते पाहूनच पुढे जावे.

आधी मध्यम हिरवा संपूर्ण वांग्यावर सपाट लावावा, मग सावलीकडे गडद आणि उजेडाकडे फिकट. या तिन्हींच्या सीमा ओल्या असताना एकमेकांत ओढून मिसळण्याचा मोह होतो, पण तोपर्यंत पहिला थर चिकट झालेला असतो आणि कुंचला त्याचे तुकडे उचकटून काढतो. कुंचला अडखळू लागला आणि रंग ओरखडल्यासारखा दिसू लागला, तर तिथेच थांबून थर पूर्ण वाळू द्यावा. नंतर गडद हिरव्यात ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे रंगद्रव्य नसलेली तीच राळ, मिसळून त्याचा पारदर्शक पातळ थर सावलीवर द्यावा, आणि दर वेळी तो थोडा थोडा मध्यभागाकडे आणत असे तीन-चार थर द्यावेत. जलरंगात एका झटक्यात मिळालेली मऊ छटा इथे अशी थरांनी मिळते. रंग पातळ करण्यासाठी नुसते पाणी भरपूर घालू नये, कारण राळ फार विरळ झाली की थराची पकड कमी होते आणि बोटाने चोळल्यावर रंगाची भुकटी हाताला लागते. पांढुरक्या रेषा वाळलेल्या हिरव्यावर वरून काढाव्यात. चकाकीसाठी पांढऱ्यात पिवळ्याचा अगदी लहानसा ठिपका मिसळून एकच जाडसर फटकारा शेवटी द्यावा. तो चुकला तर वाळू द्यावा आणि त्यावर हिरवा देऊन पुन्हा करावा. ही सवलत जलरंग देत नाही.

तैलरंगात पहिल्या दिवशी फक्त रेखाटन आणि सावलीची मांडणी करावी. बर्न्ट सिएना थोड्या टर्पेंटाइनने पातळ करून, त्यात तेल अजिबात न घालता, वांग्याचा आकार आणि अंधाराचे भाग मांडावेत. हा पातळ थर उन्हाळ्यात बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत हाताला कोरडा लागतो. त्यावर नळीतला रंग जसाच्या तसा वापरून तीन हिरवे लावावेत. इथे सीमा मिसळायला भरपूर सवड असते. कोरडा, स्वच्छ कुंचला दोन रंगांच्या सीमेवरून हलकेच आडवा फिरवला की छटा तयार होते, आणि मन भरेपर्यंत तिच्यावर काम करता येते. मात्र कुंचला दर दोन-तीन फटकाऱ्यांनंतर चिंधीला पुसावा. तो पुसला नाही तर सगळेच हिरवे एकाच करड्या रंगाचे होतात, आणि नवशिक्याचे तैलचित्र बिघडते ते बहुतेक वेळा याच आळसामुळे. चित्र असे गढूळ झाले तर ओला रंग पॅलेट नाइफने खरवडून काढावा आणि तो भाग पुन्हा रंगवावा.

थर आठवडाभर वाळल्यावर रेषा, काटे आणि चकाकी करावी, आणि या थरात जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब मिसळावेत. खालच्या थरापेक्षा वरच्या थरात तेल जास्त हवे, हा तैलरंगाचा मूळ नियम आहे. तेल कमी असलेला थर लवकर वाळून ताठ होतो, आणि त्याच्या खाली तेलकट थर अजून वाळत असला तर खालच्या हालचालीने वरच्याला तडे जातात. हे तडे लगेच दिसत नाहीत, काही महिन्यांनी दिसतात, आणि मग त्यावर उपाय नसतो. रंगांचा वेगही सारखा नसतो: बर्न्ट सिएनासारखे मातीचे रंग लवकर वाळतात, टायटॅनियम पांढरा आणि किरमिजी रेंगाळतात, म्हणून तळाचा थर मातीच्या रंगाने देण्यात दुहेरी फायदा आहे. ओले चित्र वाळवताना त्याचा रंगवलेला भाग भिंतीकडे करून तिरपे टेकवावे. आपल्याकडे उन्हाळी वावटळीने घरात येणारी धूळ ओल्या तेलावर बसली तर ती पुसून निघत नाही.

कोणत्या माध्यमापासून सुरुवात करावी

एकच माध्यम निवडायचे झाल्यास मी ॲक्रिलिक सुचवतो, कारण तुकडा, जेसो आणि पाच नळ्या एवढ्यावर भागते, आणि एकाच पृष्ठभागावर पुनःपुन्हा सराव करता येतो. जलरंगाला साहित्य सर्वांत कमी लागते म्हणून तो सोपा असे अनेकांना वाटते, पण त्यात दुरुस्तीला वाव नसतो आणि हलक्या कागदावर शिकणाऱ्याला दोष हाताचा की कागदाचा हेच कळत नाही. ज्याच्याकडे चांगला कागद आहे त्याने जलरंग आषाढ ते भाद्रपदात हाती घ्यावा. त्या वेळी हवा दमट असते आणि मोठा थरही सावकाश पसरवता येतो. तैलरंगाची सुरुवात त्याच्या वेळखाऊपणामुळे थोडी उशिरा करावी, पण करायची तर उन्हाळ्याच्या सुट्टीत करावी. पावसाळ्यात थर चिकट राहतात आणि दमट भिंतीला टेकवलेल्या कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते.

माध्यमे एकमेकांवर लावण्याबाबत इतके लक्षात ठेवावे की पूर्ण वाळलेल्या ॲक्रिलिकच्या थरावर तैलरंग चालतो, पण तैलरंगावर ॲक्रिलिक कधीही लावू नये. तेलकट थराला त्याची पकड बसत नाही आणि पुढे पापुद्रे सुटतात.

काम झाल्यावर

ॲक्रिलिकचे कुंचले काम चालू असतानाही पाण्यात ठेवावेत, परंतु केसांवर उभे करून नव्हे, कारण टोक वाकते. काम संपताच ते साबणाने धुवावेत. तैलरंगाचे कुंचले आधी चिंधीला पुसून, मग टर्पेंटाइनमध्ये खंगाळून, शेवटी साबणाने धुवावेत. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या हव्यात, आणि त्याची बाटली स्वयंपाकघरात किंवा देवघरातल्या समईजवळ कधीही ठेवू नये. वापरून झालेले टर्पेंटाइन मोरीत ओतू नये. बरणीत झाकून ठेवले की रंग तळाशी बसतो आणि वरचे स्वच्छ टर्पेंटाइन पुन्हा वापरता येते.

जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांबाबत विशेष काळजी घ्यावी. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते, आणि चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आत कोंडून त्या आपोआप पेट घेऊ शकतात. खान्देशातल्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत, हा धोका आणखी वाढतो. अशा चिंध्या अंगणात एकेक सुटी पसरून कडक होईपर्यंत वाळवाव्यात, किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवाव्यात.

जलरंगाचे चित्र काचेखालीच लावावे, आणि काच व कागद यांच्यामध्ये जाड माउंटची पट्टी ठेवावी, म्हणजे पावसाळ्यात काचेला आलेला दमटपणा थेट रंगाला लागत नाही. ॲक्रिलिकला काच लागत नाही. काही दिवसांनी वार्निशचा एक हात दिला की धूळ ओल्या फडक्याने पुसता येते. तैलचित्राला वार्निश देण्यासाठी सहा महिने ते वर्षभर थांबावे लागते. थर तयार झाला का हे पाहायला टर्पेंटाइनमध्ये जेमतेम ओले केलेले पांढरे फडके चित्राच्या एका कडेला हलकेच फिरवावे. फडक्याला रंग लागला नाही तर वार्निश द्यावे, आणि लागला तर आणखी दोन महिने वाट पाहावी.